गळका नळ आणि त्याचा वायसर: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

नळ ठिबकायला लागला की घरातला प्रत्येक जण तो आदल्या माणसापेक्षा थोडा जास्त आवळतो. दोन-चार दिवस ठिबकणं थांबतं, मग पुन्हा सुरू होतं, मग आणखी जोर. यात नळाच्या आत काय होतं ते कळलं की पुढची सगळी दुरुस्ती सोपी वाटते, म्हणून आधी ते थोडक्यात बघू.

जुन्या पद्धतीच्या पितळी नळात खाली एक गोल भोक असतं. भोकाची कड थोडी वर आलेली असते, तिला सीट म्हणतात. मूठ फिरवली की तिला जोडलेला उभा दांडा, म्हणजे स्पिंडल, आट्यांवरून खाली उतरतो आणि आपल्या टोकाची रबरी चकती त्या कडेवर दाबून धरतो. ही चकती म्हणजे वॉशर. ठाण्यात काय, वाशीत काय, हार्डवेअरच्या दुकानात त्याला वायसरच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरू. रबर मऊ असतं तोवर दोन बोटांच्या जोरावर पाणी थांबतं. काही वर्षांनी रबर कडक होतं, सीटची कड त्यात रुतून गोल खाच पडते आणि पाणी वाट काढतं. अशा वेळी नळ आवळला की कडक रबर आणखी चिरतं. ते पुरतं झिजलं, तर रबर ज्यावर बसवलेलं असतं ती पितळी चकती थेट सीटवर घासायला लागते. म्हणजे दहा रुपयांच्या आसपासचा वायसर वेळेत न बदलल्यामुळे अख्खा नळ जातो. तेव्हा नळ दुरुस्त होईपर्यंत तो आवळू नका, खाली बादली ठेवा.

१. हा नळ वायसरचाच आहे का?

मूठ बंद स्थितीतून पूर्ण उघडी करा. दोन-तीन वेळा गोल फिरवावी लागत असेल तर नळ वायसरचा आहे. पाव फेरीतच उघडत असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचा तुकडा असतो, त्यात बदलायला वायसर नसतोच. तो अख्खा तुकडा, म्हणजे कार्ट्रिज, त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा आणावा लागतो. घोडबंदर रोड किंवा खारघर-उलव्याच्या नव्या इमारतींत बेसिनला आणि शॉवरला बहुधा हेच नळ असतात. जुन्या सोसायट्यांत, सिडकोच्या घरांत आणि नव्या घरांतही मोरीला किंवा धुण्याच्या जागेला अजून वायसरचे नळ सापडतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यातही भिंतीतून बाहेर आलेल्या अर्ध्या इंची नळासाठी, ज्याला दुकानदार बिब कॉक म्हणतात. शिकायला तो सगळ्यात बरा, कारण त्याचे सगळे भाग उघड्यावर दिसतात.

२. पाणी नेमकं कुठून येतंय?

नळ कोरड्या फडक्यानं पुसा आणि पाच मिनिटं थांबा. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर दोष वायसरचा किंवा सीटचा. तोंड कोरडं असून नळ उघडल्यावर मुठीखालून पाणी येत असेल तर तिथल्या नटाखालचं पॅकिंग गेलेलं असतं, वायसर बदलून त्याला काही होणार नाही. आणि नळ भिंतीला जिथे मिळतो तिथे ओल असेल तर तो जोडणीचा दोष. त्यासाठी नळ भिंतीतून काढावा लागतो, पहिल्याच खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

थेंब तोंडातूनच पडत असेल तरी नळ खोलण्याआधी एक उपाय करून बघा. पालिकेचा शटडाउन झाला की पाणी परत सुरू होताना लाइनमधला गाळ ढवळून येतो. गंजाचा एखादा कण वायसर आणि सीटच्या मध्ये अडकला तरी नळ ठिबकतो. शटडाउननंतर किंवा टाकी धुतल्यानंतर एक-दोन दिवसांत ठिबकणं सुरू झालं असेल तर नळ पूर्ण उघडून अर्धं मिनिट जोरात पाणी सोडा आणि हलक्या हातानं बंद करा. असं दोन-तीनदा करा. कधी कधी काम इथेच संपतं.

३. काय काय जवळ हवं

- स्क्रू पाना, ८ किंवा १० इंची, जबडा कमी-जास्त करता येणारा
- नळाचं अंग धरायला दुसरा पाना किंवा पाइप पाना
- पकड
- चपटा आणि फुलीचा, असे दोन स्क्रू ड्रायव्हर
- जुना टूथब्रश, कानकाड्या, दोन जुनी फडकी, टॉर्च
- थोडं व्हिनेगर, नसेल तर लिंबू
- टेफ्लॉन टेप
- वायसर, एकाच मापाचे दोन

वायसर शेवटी लिहिला, कारण तो आधी आणू नये. दुकानात "अर्ध्या इंची नळाचा वायसर" मागितला तर दुकानदार तीन-चार तऱ्हांचे वायसर समोर ठेवतो. अर्धा इंच हे पाइपच्या जोडणीचं माप आहे, वायसरची रुंदी त्याहून वेगळी असते आणि नळागणिक बदलते. बरोबर वायसर आणायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: जुना वायसर, शक्य असेल तर पितळी चकतीसकट, खिशात घालून दुकानात जायचं. म्हणजे नळ खोललेला ठेवून दुकानापर्यंत जावं लागणार. तेवढ्यासाठी काम सकाळी सुरू करा, दुकान उघडल्यावर. रविवारी संध्याकाळी नळ खोलून बसू नका.

वायसर मऊ, बोटानं दाबला की थोडा दबणारा हवा. वर्षानुवर्षं बरणीत पडून दगड झालेलाही मिळतो, नखानं दाबून बघा. जुन्या नळांत कधी कधी चामड्याचा वायसर सापडतो, त्याच्या जागी त्याच जाडीचा रबरी चालतो.

४. पाणी बंद करणं

सगळ्या कामातली खरी अडचण हीच. वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात, पण पाणी कुठून बंद होतं हे शोधायला कधी कधी तासभर जातो.

नव्या इमारतींत प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा कॉक असतो. तो भिंतीत बसवलेला, नाहीतर माळ्यावर किंवा बाहेरच्या डक्टमध्ये असतो. जुन्या चार मजली इमारतींत मात्र घरात एकही कॉक नसणं नवलाचं नाही. गच्चीवरच्या टाकीतून एक उभी लाइन खाली येते आणि एकाखाली एक असलेल्या सगळ्या मोऱ्यांना पाणी देते. अशा घरात पाणी बंद करायचं म्हणजे गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि तुमच्यासोबत खालच्या-वरच्या घरांचंही पाणी जातं. वॉचमनला आणि त्या लाइनवरच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. सोसायटी ठरावीक वेळीच पाणी सोडत असेल तर पाणी बंद असण्याची वेळ साधा, पण लाइनमध्ये उरलेलं पाणी आधी उतरू द्या. व्हॉल्व्ह स्वतः फिरवण्यापेक्षा ज्याच्या हाताखालचा आहे त्यालाच फिरवू द्यावा. लाइन चुकली की अख्खी विंग खाली उतरते.

घरातला कॉक वर्षानुवर्षं फिरलेला नसेल तर झटका देऊ नका. थोडा बंद, थोडा उघडा असं मागेपुढे करत सैल करा. जुना गेट व्हॉल्व्ह जोरानं आवळला की त्याच्याच मुठीखालून पाणी झिरपायला लागतं, आणि एकाच्या जागी दोन गळती होतात.

नळ गरम पाण्याचा असेल तर आधी गीझरचं बटण बंद करा, मग गीझरला पाणी नेणारा कॉक. आतलं पाणी गार होईपर्यंत थांबा.

आता गळका नळ पूर्ण उघडा. धार बारीक होत होत थांबली पाहिजे. पाच मिनिटांनीही सुतळीएवढी धार येत असेल तर कॉक पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी पुढे जाऊ नका. सराईत प्लंबर त्या धारेतही काम उरकतो, पहिल्या वेळी ते जमत नाही. काम सुरू करण्याआधी बादलीभर पाणी बाजूला भरून ठेवा आणि मोरीच्या जाळीवर फडकं टाका. आतला नट वाटाण्याएवढा असतो, जाळीतून गेला की गेला.

५. वरचं डोकं काढणं

मुठीच्या खाली, नळाच्या अंगावर सहा पैलूंचा मोठा नट दिसेल. स्पिंडल त्यातूनच आत जातो. हा नट, स्पिंडल आणि मूठ मिळून नळाचं डोकं. बिब कॉकवर बहुतेक वेळा मूठ न काढताच तिथे पाना बसतो. मध्ये चकचकीत टोपण असेल तर मुठीवरची लाल-निळी टिकली चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं उचका, खालचा स्क्रू काढा आणि मूठ वर ओढा. टोपण हातानं फिरवून निघतं.

पाना लावण्याआधी नळ अर्धा उघडा आहे ना, ते बघा. नळ बंद असेल तर स्पिंडल सीटवर दाबलेला असतो आणि डोकं फिरवताना आट्यांवर उलटा ताण येतो.

आता सगळ्यात धोक्याची जागा. डोकं सैल करायला तुम्ही डावीकडे जोर लावता, तेव्हा तो जोर नळाच्या अंगातून भिंतीतल्या पाइपपर्यंत पोचतो. जुन्या इमारतीत तिथे गंजलेला लोखंडी पाइप असतो, नव्यात प्लास्टिकचा सीपीव्हीसी. लोखंडी तुकडा आट्यात मोडतो, प्लास्टिकच्या जोडणीला तडा जातो. दोन्हींत टाइल फोडावी लागते. म्हणून एका हातानं नळाचं अंग फडकं गुंडाळून दुसऱ्या पान्यात घट्ट धरायचं, आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पाना फिरवायचा. अंग केसभरही हललं नाही पाहिजे. पान्याचे जबडे नटाच्या पैलूंना अगदी चिकटवून घ्या, जरा जरी खेळ राहिला तर पैलू गोल होतात. फिरवायची दिशा वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलटी.

हलत नसेल तर फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून सांध्याभोवती वीसेक मिनिटं गुंडाळा, मग कोमट पाणी ओतून पुन्हा प्रयत्न करा. पान्याच्या दांड्याला पाइप अडकवून जोर वाढवायचा मोह होतो, तो आवरा. मध्यम जोरात दोन-तीन खेपांत हललं नाही तर प्लंबरला बोलवा. यात हार नाही, टाइल वाचते.

डोकं सुटलं की हातानं फिरवत वर काढा. डोक्याखाली एक पातळ फायबरची किंवा रबराची रिंग असते, ती जपून ठेवा. काही नळांत वायसरची चकती स्पिंडलबरोबर वर येत नाही, खालीच सीटवर बसून राहते. वायसर दिसला नाही तर घाबरू नका, टॉर्च मारून आत बघा आणि पकडीनं उचला.

६. जुना वायसर टाकण्याआधी त्याच्याकडे नीट बघा

नवशिके इथे घाई करतात. दोष कुठे आहे ते जुन्या वायसरवर उमटलेलं असतं.

वायसर पालथा करा. सीटला टेकणाऱ्या बाजूवर गोल वळ दिसेल. वळ सगळीकडे सारखा खोल आणि अखंड असेल तर सीट चांगली आहे, वायसर नुसता म्हातारा झाला आहे. वळ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर चकती तिरकी बसत होती, बहुधा नट सैल होता किंवा वायसर चुकीच्या मापाचा होता. वळ एखाद्या ठिकाणी तुटलेला असेल, किंवा तिथे रबराला आडवी चीर असेल, तर सीटवर त्या जागी काहीतरी आहे: क्षाराचा खडा, नाहीतर कडेला पडलेली खाच. वळ कुठे तुटलाय त्यावरून सीटवरची जागा शोधू नका, वायसर चकतीसोबत फिरलेला असू शकतो. तुटलाय एवढं कळलं तरी पुरे.

मग सीट तपासा. टॉर्चच्या उजेडात कड बघा आणि कोरडी कानकाडी तिच्यावरून हळू गोल फिरवा. कापसाचा तंतू एखाद्या जागी अडकला तर तिथे खडबडीत आहे. हा क्षार असेल तर जातो: कानकाडी व्हिनेगरमध्ये बुडवून त्या जागी धरा, मधूनमधून नवी कानकाडी घ्या, वीसेक मिनिटांनी टूथब्रशनं घासा. स्क्रू ड्रायव्हरनं किंवा चाकूनं कधीही खरवडू नका, पितळ मऊ असतं आणि तुम्हीच नवी खाच पाडाल. कापूस खालच्या भोकात पडू देऊ नका. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हा क्षार लवकर साठतो.

साफ केल्यावरही तंतू अडकत असेल तर ती खाच आहे. त्यासाठी सीट कटर नावाचं हत्यार असतं, ते सीटची कड पुन्हा सपाट करतं. ते काही प्लंबरकडे असतं. नसेल तर नळ बदलणं स्वस्त पडतं.

७. नवा वायसर बसवणं

वायसर पितळी चकतीवर छोट्या नटानं धरलेला असतो. चकतीची दांडी फडक्यातून पकडीत धरा आणि नट सोडवा. नट गंजून चिकटला असेल तर जोर करण्यापेक्षा चकती आणि वायसर यांचा तयार जोड मिळतो तो घ्या. दुकानात तो जंपर नावानं मिळतो, फक्त दांडीची जाडी जुन्याशी जुळवून बघा. काही नळांत नट नसतो, वायसर नुसता खुंटीवर दाबून बसवलेला असतो.

नवा वायसर चकतीएवढाच रुंद हवा. मोठा असेल तर कडेला मुडपतो आणि पाणी कमी येतं. लहान असेल तर सीट पूर्ण झाकली जात नाही. अक्षरं छापलेली बाजू चकतीकडे, गुळगुळीत बाजू सीटकडे. नट इतकाच आवळा की वायसर हलणार नाही. रबर फुगून वर आलं तर जास्त झालं, पाव फेरी मागे घ्या.

८. परत जोडणं

स्पिंडल वर घेतलेला, म्हणजे नळ उघड्या स्थितीत ठेवा. फायबरची रिंग जागेवर बसवा. ती फाटलेली असेल तर तशीच दुकानातून आणा, कारण डोक्याचा सांधा तीच रोखते. मिळाली नाही तर डोक्याच्या आट्यांवर टेफ्लॉनचे तीन-चार वेढे घड्याळाच्या दिशेनं घेऊन तात्पुरतं काम भागतं.

डोकं आधी हातानं, पाना न लावता फिरवा. पहिल्या तीन-चार फेऱ्या सहज गेल्या पाहिजेत. अडखळलं तर आटे तिरके बसलेत, मागे घेऊन पुन्हा सुरुवात करा. तिरक्या आट्यांवर पाना चालवला की नळ संपला. हातानं फिरायचं थांबल्यावर अंग दुसऱ्या पान्यात धरून पाव फेरी आवळा, बस.

मुख्य कॉक हळूहळू उघडा आणि तेव्हा नळ उघडाच ठेवा, म्हणजे हवा आणि सुटलेला कचरा बाहेर पडेल. पहिलं पाणी फसफसत, गढूळ येतं, अर्धं मिनिट वाहू द्या. मग दोन बोटांनी बंद करा. वाकड्या तोंडात अडकलेलं पाणी मिनिट-दोन मिनिटं टपकत राहतं, त्याला गळती समजू नका. दहा मिनिटांनी तोंडाखाली कोरडा कागद ठेवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर अर्धी फेरी मागे घ्या, पुढच्या वेळी जाम होणार नाही.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा नेरूळमधली चार मजली इमारत, पहिल्या मजल्यावरची मोरी. टाकी नळापासून साधारण १० मीटर उंच. पाण्याची दर १० मीटर उंची म्हणजे प्लंबरच्या भाषेत एक किलोचा दाब, तेवढा इथे आहे. नळ सेकंदाला एक थेंब गळतोय. खाली बाटली ठेवून मोजलं तर तासाला ७०० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ १७ लिटर, एक मोठी बादली.

नळ खोलला. जुन्या वायसरवर वळ खोल आहे आणि एका जागी तुटलेला आहे. घाईत तिकडे दुर्लक्ष होतं आणि नवा वायसर बसवला जातो. गळती कमी होते, पण थांबत नाही: आता तासाला ६० मिलिलिटर. इथे बहुतेक जण दोन निष्कर्ष काढतात, एक तर वायसर हलक्या प्रतीचा, नाहीतर नळ अजून आवळायला हवा. दोन्ही चूक. ७०० चं ६० झालं म्हणजे वायसरनं आपलं काम केलं, उरलेलं पाणी सीटवरच्या एकाच जागेतून येतंय.

पुन्हा पाणी बंद करून डोकं काढलं. नव्या वायसरवर तासाभरातच पुसट वळ उमटलाय, आणि तोही एका जागी तुटलाय. दोन वेगळ्या वायसरवर तीच खूण, म्हणजे दोष रबरात नाही. कानकाडी फिरवली तर तंतू अडकतो. व्हिनेगरनं वीस मिनिटं भिजवून ब्रशनं घासल्यावर पांढरट खपली निघते, कानकाडी आता सरळ फिरते. दाबाची खूण पडलेला वायसर काढून दुसरा बसवला (दोन आणायला सांगितलं ते यासाठी), नळ जोडला, बाटली रात्रभर ठेवली. सकाळी कोरडी. खपलीऐवजी खाच असती तर घासून काही फरक पडला नसता, आणि तिथे थांबून नळ बदलायचं ठरवावं लागलं असतं.

९. बदलल्यावर नव्या तक्रारी आल्या तर

नळ उघडताना घर्रर्र आवाज येतो: चकतीवरचा छोटा नट सैल आहे, वायसर पाण्याच्या जोरानं थरथरतोय. डोकं काढून नट नीट बसवा.

धार पूर्वीपेक्षा बारीक झाली: वायसर जास्त जाड आहे, नळ पूर्ण उघडला तरी सीटपासून पुरेसा वर उचलला जात नाही.

बंद करायला जोर लागतो: रबर कडक आहे. दुसऱ्या दुकानातून मऊ आणा.

मुठीखालून पाणी येतंय: स्पिंडलभोवतीचा वरचा लहान नट थोडाच, म्हणजे आठवा भाग फेरी, आवळा. त्यानं थांबलं नाही तर पाणी बंद करून तो नट वर घ्या, टेफ्लॉन टेप पीळ देऊन दोऱ्यासारखी करा, स्पिंडलभोवती घड्याळाच्या दिशेनं दोन-तीन वेढे घालून खाली दाबा आणि नट परत लावा. मूठ जड झाली तर नट जास्त आवळला आहे.

डोक्याच्या मोठ्या नटाखालून पाझरतंय: फायबरची रिंग फाटली आहे किंवा तिच्याखाली कचरा आहे. नट आणखी आवळण्यापेक्षा उघडून रिंग बघा.

आणि नळ नुसता दिवसा कोरडा, पण रात्री ठिबकत असेल तर ते दाबामुळे. रात्री इमारतीत कोणी पाणी वापरत नाही, लाइनमधला दाब पूर्ण चढतो आणि दिवसा न दिसणारी बारीक गळती दिसायला लागते. म्हणून कागदाची शेवटची चाचणी झोपताना ठेवून सकाळी बघा.